संदर्भचित्र दिल्यावर लिहायचं काय?

एका आजींचा फोटो आहे. हिरवी नऊवारी, मोत्यांची नथ, पांढऱ्या केसांचा अंबाडा. आजी अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी उभ्या आहेत. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी याच आजी पावसाळी संध्याकाळी पिंपळाच्या पारावर बसलेल्या हव्यात, आणि चित्र जलरंगातलं हवं. एआयकडून चित्र करून घ्यायला निघालेल्या माणसाला अशा वेळी दोन तऱ्हांचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, स्वल्पविराम देत नुसत्या शब्दांची यादी लिहा, तिला टॅग म्हणतात. दुसरा सांगतो, समोरच्या माणसाला सांगावं तसं सरळ वाक्यात लिहा. दोन्ही सल्ले खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या साधनांसाठी आहेत. सोबत फोटो जोडलेला नसेल तर चुकीच्या शैलीनेही बऱ्यापैकी चित्र निघतं. फोटो जोडला की तसं होत नाही. साधन एक आणि शैली दुसरीची, असं झालं तर पार येतो, पाऊस येतो, पण पारावर भलत्याच बाई बसलेल्या असतात.

असं का होतं हे समजायला साधन कोणत्या मजकुरावर शिकलं ते पाहावं लागतं. २०२२ साली आलेल्या स्टेबल डिफ्युजनमध्ये शब्द वाचण्याचं काम क्लिप नावाचं मॉडेल करतं. हे क्लिप ओपनएआयने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. इंटरनेटवरची सुमारे ४० कोटी चित्रं आणि त्यांच्याजवळचा मजकूर अशा जोड्यांवर ते शिकलं. वेबसाइटवर चित्राखाली माणसं काय लिहितात ते आठवून पाहा. वस्तूचं नाव, रंग, गाव, कधी कॅमेऱ्याचं नाव. व्याकरणशुद्ध लांब वाक्य क्वचितच. त्यामुळे शब्द आणि दृश्य यांची गाठ क्लिपने चांगली बांधली, पण शब्दांचा आपसांतला संबंध त्याला नीट कळत नाही. ‘लाल ठोकळ्यावर निळा चेंडू’ आणि ‘निळ्या ठोकळ्यावर लाल चेंडू’ यांत ते सहज गोंधळतं. शिवाय त्याची वाचण्याची मर्यादा ७७ टोकनांची आहे. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. सुरुवातीची आणि शेवटची खूण वगळली तर हाताशी ७५ उरतात. इतक्या कमी जागेत ‘कृपया असं एक चित्र काढ की ज्यामध्ये’ अशी प्रस्तावना लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. टॅगची सवय आली ती इथून.

ॲनिमे शैलीच्या मॉडेलांनी ही सवय पक्की केली. डॅनबुरू नावाचा २००५ पासून चालू असलेला एक चित्रसंग्रह आहे. तिथे प्रत्येक चित्राला वाचकच ठरावीक शब्दांचे टॅग लावतात: केसांचा रंग, कपडे, बसण्याची पद्धत, नजर कुठे आहे, पाठीमागे काय आहे. इलस्ट्रियससारखी मॉडेलं या टॅगांवर शिकली आहेत. म्हणून त्यांच्याशी बोलताना टॅगचं नेमकं रूपच वापरावं लागतं. चित्रात एकच स्त्री असेल तर टॅग `1girl` असा असतो, मग ती ऐंशी वर्षांची आजी का असेना. वय सांगायला पुढे `old woman` जोडायचं. ही तिथल्या टॅग लावणाऱ्यांची रूढी आहे आणि मॉडेल त्याच रूढीत वाढलं आहे. तिच्याऐवजी आपण कितीही सुंदर वाक्य लिहिलं तरी मॉडेलच्या हाती त्यातले ओळखीचे चार-दोन शब्दच लागतात.

वाक्यांची बाजू २०२३ नंतर भक्कम झाली. ओपनएआयच्या डॅल-ई ३ च्या वेळी शिकवायच्या चित्रांची वर्णनं मशीनकडून नव्याने लिहून घेतली गेली. ती लांब आणि तपशीलवार होती: कोण कुठे बसलंय, कशाच्या डावीकडे काय आहे, उजेड कुठून येतो. ओपनएआयच्या शोधनिबंधानुसार शिकवण्यात ९५ टक्के वर्णनं अशी यंत्रलिखित होती. २०२४ मध्ये ब्लॅक फॉरेस्ट लॅब्जचं फ्लक्स आलं. त्यात क्लिपच्या जोडीला टी-फाइव्ह नावाचं भाषेचं मॉडेल मजकूर वाचतं. फ्लक्सच्या डेव्ह आवृत्तीत त्याला ५१२ टोकनांपर्यंत जागा मिळते. ‘च्या मागे’, ‘च्या हातात’, ‘पहिलीच्या अंगावर हिरवी, दुसरीच्या अंगावर पिवळी’ हे संबंध इथे टिकतात. टॅगची यादी दिली तर फ्लक्स अडत नाही, पण यादीत न सांगितलेले संबंध ते स्वतःच्या मनाने भरतं.

आतापर्यंतचं सगळं नुसत्या शब्दांबद्दल झालं. संदर्भचित्र जोडल्यावर प्रश्न बदलतो, आणि मला वाटतं इथेच बहुतेकांची दिशाभूल होते. टॅग की वाक्य, हा वाद शब्दांच्या मांडणीचा आहे असं वरवर वाटतं. खरा प्रश्न असा आहे की साधनाच्या आत शब्दांची आणि फोटोची भेट होते की नाही.

जुन्या तऱ्हेच्या साधनांत ती होत नाही. स्टेबल डिफ्युजनला फोटो द्यायचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे चित्रावरून चित्र. फोटोवर धुरळा टाकल्यासारखं करून मॉडेल तो पुन्हा साफ करत जातं. किती धुरळा टाकायचा ते ० ते १ मधल्या एका आकड्याने ठरतं. पडद्यावर त्याचं नाव `Denoising strength`. दुसरा मार्ग कंट्रोलनेट, २०२३ च्या सुरुवातीला आलेला. तो फोटोतून फक्त रचना उचलतो: शरीराच्या सांगाड्याची ठेवण, कडा, खोली. तिसरा आयपी-अडॅप्टर, त्याच वर्षी टेन्सेंटच्या संशोधकांनी आणलेला. तो फोटोचा चेहरामोहरा, रंग, पोत यांचा सारांश काढून मॉडेलला देतो. हा सारांश किती आटोपशीर असतो पाहा: मूळ आवृत्तीत अख्खा फोटो अवघ्या ४ टोकनांत बसवलेला असतो. शब्दांचा प्रभाव एका वाटेने येतो, फोटोचा दुसऱ्या वाटेने, आणि शेवटी दोन्हींची बेरीज होते. शब्द वाचणाऱ्या क्लिपला फोटो दिसलेलाच नसतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं. अशा साधनाला कोणी असं लिहिलं:

```
make her sit under a tree and keep the same saree
```

तर `her` म्हणजे कोण हे क्लिपला माहीत नाही. `same` म्हणजे कशासारखी, तेही नाही. `make` आणि `keep` ही क्रियापदं तर निव्वळ भरताड, कारण चित्राखाली असं कोणी लिहीत नाही. हाती उरतात तीन गोष्टी: कोणी तरी स्त्री, झाड, कुठल्याही रंगाची साडी. फोटो जोर लावून आपल्याकडे ओढतो, शब्द भलतीकडे ओढतात, आणि चित्र मध्येच कुठे तरी लोंबकळतं.

इथे आज्ञा चालत नाही, वर्णन चालतं. तेही बदलाचं नव्हे, तर तयार झालेल्या चित्राचं. जे बदलायचं ते लिहायचं, आणि जे तसंच ठेवायचं तेही लिहायचं. आजींचं काम एसडीएक्सएल या २०२३ च्या मॉडेलवर करायचं तर प्रॉम्प्ट साधारण असा होईल:

```
elderly Indian woman, gray hair in bun, gold nose ring,
green saree, sitting on stone platform, under large tree,
rain, evening, watercolor painting
```

माणूस आधी, मग कपडे, मग जागा, शेवटी शैली. पहिल्या शब्दांचा जोर सहसा जास्त पडतो, म्हणून महत्त्वाचं पुढे. नको असलेल्या गोष्टी या यादीत लिहायच्या नाहीत. ‘छत्री नको’ असं लिहिलं तर क्लिपला छत्रीच ऐकू येते आणि छत्री उगवते. त्यासाठी वेगळा चौकोन असतो, तिथे `standing, umbrella` असं लिहायचं. `standing` मुद्दाम, कारण फोटोतल्या आजी उभ्या आहेत आणि तो फोटो त्यांना उभंच ठेवू पाहतो.

आता फोटो कुठल्या मार्गाने द्यायचा? चित्रावरून चित्र हा मार्ग इथे कामाचा नाही. आकडा ०.३ ठेवला तर रंग जलरंगासारखे होतील, पण आजी अंगणात उभ्याच राहतील. ०.८ केला तर आजी बसतील, पण चेहरा दुसरा होईल. मधला कुठलाही आकडा उभ्या माणसाला सुखाने बसवत नाही. ज्या चित्रात ठेवण तीच राहणार आहे आणि फक्त रंग किंवा वातावरण बदलायचं आहे, तिथेच हा मार्ग शोभतो. आपल्या कामासाठी आजींचा फोटो आयपी-अडॅप्टरला द्यावा, जोर ०.६ च्या आसपास. बसण्याची ठेवण दुसऱ्याच कुठल्या बसलेल्या माणसाच्या फोटोवरून कंट्रोलनेटला द्यावी. आयपी-अडॅप्टरचा जोर १ केला तर पिंपळाच्या जागी पुन्हा तुळशीवृंदावन डोकावायला लागतं, कारण तो सारांश फक्त आजींचा नसतो, अख्ख्या फोटोचा असतो. म्हणून फोटो आधी कापून घ्यावा, आजी छातीपर्यंत आणि पाठीमागे शक्यतो काही नाही. ही छोटी गोष्ट दहा टॅग बदलण्यापेक्षा जास्त फरक पाडते.

नथीचं काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. `nose ring` म्हटल्यावर मॉडेल नाकात एक बारीक कडी घालतं. मोत्यांची, खालच्या ओठापर्यंत येणारी आपली नथ त्या शब्दात बसतच नाही. नऊवारीचंही तसंच, `saree` लिहिल्यावर पाचवारी येते, कासोटा येत नाही. यावरून एक नियम निघतो आणि तो मला फार उपयोगाचा वाटतो: ज्या गोष्टीसाठी मॉडेलकडे शब्द आहे ती शब्दांत सांगावी, ज्या गोष्टीसाठी त्याच्याकडे शब्द नाही तिचा भार संदर्भचित्राने उचलावा. पाऊस, संध्याकाळ, झाड, जलरंग यांना शब्द आहेत. नथ आणि कासोटा यांच्यासाठी फोटोत नाक आणि साडीची नेसण स्पष्ट दिसली पाहिजे. चार टोकनांच्या सारांशात नथीचे मोती पोहोचतील याची मात्र खात्री नाही. म्हणून चेहऱ्याचा जवळून घेतलेला फोटो आणि पूर्ण उंचीचा फोटो असे दोन वेगळे संदर्भ लावणं बरं.

ॲनिमे किंवा कॉमिक शैली हवी असेल आणि हातात इलस्ट्रियस असेल, तर आणखी एक चांगली वाट आहे. संदर्भाचा फोटो आधी टॅग ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा. डब्ल्यूडी-फोर्टीन टॅगर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो फोटोत काय दिसतं त्याचे टॅग डॅनबुरूच्याच बोलीत काढून देतो. मग त्या यादीवर हात चालवायचा. `standing` काढायचा, `sitting` घालायचा, अंगणाचे टॅग काढायचे, `rain` आणि `tree` घालायचे, बाकीचे तसेच ठेवायचे. बदल म्हणजे इथे दोन याद्यांतला फरक. जुना एखादा टॅग यादीत चुकून राहिला तर आजी अर्ध्या उठलेल्या दिसतात, गुडघे विचित्र वळतात. असं दिसलं की शैलीला दोष न देता आधी यादी वाचावी, त्यात परस्परविरोधी दोन टॅग हटकून सापडतात. भारतीय कपड्यांची चित्रं त्या संग्रहात जपानी पोशाखांच्या मानाने फारच कमी आहेत, म्हणून नऊवारीबाबत इथे अपेक्षा कमीच ठेवावी.

आता दुसऱ्या जातीची साधनं. फ्लक्स कॉन्टेक्स्ट २०२५ च्या मध्याला आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये चॅटजीपीटीत नवी चित्रसोय आली, आणि ऑगस्टमध्ये गूगलचं जेमिनी २.५ फ्लॅश इमेज, जे लोकांत ‘नॅनो बनाना’ या नावानेच ओळखलं गेलं. यांच्यात फोटो आणि शब्द एकमेकांना भेटतात. कॉन्टेक्स्टमध्ये मूळ फोटोचे तुकडे, नव्या चित्राचे तुकडे आणि मजकूर हे सगळं एकाच रांगेत ठेवलं जातं, आणि प्रत्येक तुकडा बाकीच्यांकडे पाहू शकतो. त्यामुळे ‘हिरव्या साडीतली बाई’ असं लिहिलं की ते शब्द फोटोतल्या नेमक्या त्या जागेशी जोडले जातात. ही साधनं आधीचं चित्र, सूचना आणि नंतरचं चित्र अशा पद्धतीने बदल करायला शिकलेली आहेत, म्हणून इथे आज्ञा चालते, नव्हे, आज्ञाच द्यावी लागते. शिंप्याकडे मापाचा ब्लाउज नेऊन दिला की आपण फक्त ‘बाही दोन इंच कमी, गळा तोच’ एवढंच सांगतो. ब्लाउजला दोन बाह्या असतात हे सांगत बसत नाही. तसंच हे.

```
Seat the elderly woman in the green saree on a stone
platform under a large peepal tree, on a rainy evening.
Keep her face, her pearl nose ring and the way her saree
is draped exactly the same.
```

यात तीन गोष्टी आहेत. बदल काय, कुणात, आणि काय हलवायचं नाही. ‘काय हलवायचं नाही’ हे वाक्य लोक गाळतात आणि मग चेहरा तरुण झाला म्हणून हळहळतात. पहिल्या वाक्यात `her` असं मोघम लिहिण्याऐवजी ‘हिरव्या साडीतली वयस्क बाई’ असं स्पष्ट लिहिलं आहे, तेही मुद्दाम. कॉन्टेक्स्ट करणारी कंपनी स्वतःच्या मार्गदर्शनात हेच सांगते. क्रियापद निवडतानाही जपावं. ‘रूपांतर कर’ असं म्हटलं की साधन सगळंच बदलण्याची परवानगी मिळाली असं समजतं. ‘बसव’, ‘पाठीमागचं अंगण काढून तिथे पार दाखव’ अशी मर्यादित क्रियापदं सुरक्षित.

याच साधनाला मघाची टॅगची यादी दिली तर काय होतं? `rain, evening, large tree` ही भर आहे की बदल, की नवीन चित्राचं वर्णन, हे यादीतून कळत नाही. साधन अंदाज बांधतं. कधी अंगणातच झाड उगवतं आणि वृंदावन भिजत राहतं. कधी साधन फोटो निव्वळ प्रेरणा म्हणून घेतं आणि पूर्ण नवीन म्हातारी रंगवतं. `gray hair in bun, gold nose ring` असं जे आधीच फोटोत आहे ते पुन्हा लिहिल्याने तर जास्तच नुकसान होतं, कारण आता साधन फोटोतल्या नथीऐवजी शब्दांतली नथ काढू पाहतं. पहिल्या जातीच्या साधनात जे लिहिणं आवश्यक होतं, तेच इथे अपाय करतं. नकाराचंही तसंच. इथे बहुधा नको-गोष्टींचा वेगळा चौकोन नसतो, म्हणून ‘माणसं नकोत’ याऐवजी ‘पारावर आजी एकट्या आहेत’ असं होकारार्थी लिहावं.

जलरंगाचा उल्लेख मी त्या वाक्यांत केला नाही. जागा, ठेवण आणि शैली हे तिन्ही बदल एका दमात मागितले की चेहऱ्यावरचं लक्ष सुटतं. आधी फोटोसारख्याच दिसणाऱ्या आजी पारावर बसवून घ्याव्यात. त्या आजीच आहेत ना, हे नाक, भुवया, कानाची पाळी पाहून ठरवावं. मग त्या चित्रावर दुसरी सूचना: हेच चित्र ओल्या कागदावरच्या जलरंगात कर, रचना आणि चेहरा तसाच ठेव. पायऱ्या दोन-तीनच असाव्यात. बदललेल्या चित्रात पुन्हा बदल, त्यात पुन्हा बदल असं करत गेलं की चित्राची प्रत उतरत जाते. कॉन्टेक्स्टच्या निर्मात्यांनी स्वतःच ही मर्यादा नोंदवली आहे. त्वचा प्लॅस्टिकसारखी दिसू लागली किंवा नथीचे मोती एकमेकांत विरघळले की थांबावं, मूळ फोटोकडे परत जावं आणि आतापर्यंतचे बदल एकाच नेटक्या सूचनेत मांडावेत.

दोन फोटो द्यायचे असतील तर वाक्यांची साधनं स्पष्टपणे पुढे आहेत. ‘पहिल्या फोटोतल्या आजींना दुसऱ्या फोटोतल्या पारावर बसव’ असं जेमिनीला सांगता येतं. टॅगच्या जगात ‘पहिला फोटो’ या शब्दांना अर्थच नाही. तिथे दोन अडॅप्टर लावायचे, चित्राचा कोणता भाग कुणाच्या ताब्यात ते रंगवून दाखवायचं, दोन्हींचे जोर जुळवायचे. हे करता येतं, आणि ज्याला प्रत्येक आकड्यावर ताबा हवा आहे त्याला ते आवडतंही, पण ते काम शब्दांनी होत नाही.

मिडजर्नी या दोन्हींच्या मधलं. त्यांच्या सातव्या आवृत्तीत माणूस किंवा वस्तू टिकवायला `--oref`, शैली उचलायला `--sref` आणि साधा फोटो मिसळायला प्रॉम्प्टच्या सुरुवातीला त्याचा दुवा, अशा तीन जागा आहेत. फोटोचं काम काय हे या खुणेवरून ठरतं, वाक्यावरून नाही. म्हणून इथे आज्ञा लिहू नये. ‘पावसात पिंपळाखालच्या पारावर बसलेली वृद्ध स्त्री, जलरंग’ असं छोटं, सलग वर्णन इंग्रजीत लिहावं. `--ow` हा आकडा फोटोचा जोर ठरवतो आणि नेहमीची किंमत १०० असते. शैली बदलायची असेल तर तो कमी करायचा, आणि कमी केल्यावर जे निसटेल, म्हणजे अंबाडा, नथ, हिरवी साडी, ते शब्दांत परत लिहायचं. जोर जास्त तर शब्द कमी, जोर कमी तर शब्द जास्त.

मराठीत लिहिलं तर चालेल का, हा आपल्याकडचा रास्त प्रश्न आहे. जेमिनी आणि चॅटजीपीटी यांच्यात मजकूर वाचणारं मॉडेल मराठी जाणतं, त्यामुळे ‘या आजींना पिंपळाच्या पारावर बसलेल्या दाखव, नथ आणि नऊवारीचा कासोटा जसा आहे तसाच ठेव’ हे वाक्य तिथे थेट चालतं. ‘पार’ म्हणजे झाडाभोवतीचा दगडी चौथरा हे एकदा जोडून सांगावं, एवढंच. क्लिपवर चालणाऱ्या साधनांत मात्र मराठी देऊ नये. क्लिप प्रामुख्याने इंग्रजीवर वाढलेलं आहे, देवनागरीचे ते बारीक तुकडे करतं, आणि अर्थ न लागताच ७५ ची जागा भरून जाते. फ्लक्समधल्या टी-फाइव्हच्या शब्दसंग्रहात तर देवनागरी अक्षरंच नाहीत. आपलं सुंदर मराठी वाक्य त्याच्यापर्यंत अनोळखी खुणांची रांग म्हणून पोहोचतं. म्हणजे वाक्यांची साधनं सगळीच आपलं वाक्य समजतात असं नाही. कॉन्टेक्स्टला सरळ वाक्य हवं, पण इंग्रजी.

नवीन साधन समोर आलं आणि ते कोणत्या जातीचं हे कळेना, तर एक छोटी परीक्षा पुरते. दोन माणसं दिसतील असा फोटो द्यावा आणि फक्त एवढं लिहावं: डावीकडच्या माणसाचा सदरा पिवळा कर. फक्त डावीकडचाच सदरा पिवळा झाला आणि बाकी फोटो जागच्या जागी राहिला, तर ते साधन फोटो आणि शब्द एकत्र वाचतं. त्याला बदल सांगावा, वर्णन करू नये. दोन्ही सदरे पिवळे झाले, भिंतीवर पिवळसर छटा आली किंवा चेहरे बदलले, तर शब्द आणि फोटो वेगवेगळ्या वाटांनी येत आहेत. त्याला तयार चित्राचं वर्णन टॅगमध्ये द्यावं आणि फोटोचा जोर आकड्याने सांभाळावा.

एकाच माणसाचं एखाद-दुसरं चित्र, ओळखीचा चेहरा आणि आपले कपडे जपून हवं असेल, तर आज वाक्यांची साधनं निवडावीत. नथ आणि कासोटा त्यांतच सर्वांत जास्त टिकतात. पन्नास पानांचं ॲनिमे शैलीतलं कॉमिक करायचं असेल, प्रत्येक चौकटीत ठेवण नेमकी हवी असेल आणि ते घरच्या संगणकावर करायचं असेल, तर टॅग आणि कंट्रोलनेट शिकण्याचे कष्ट घ्यावेत. मात्र एका साधनासाठी लिहिलेला प्रॉम्प्ट दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवू नका. आधी त्यातली आज्ञा काढा किंवा घाला, मगच फोटो जोडा.